मदत हवी आहे: बी.कॉम.नंतर पहिली परीक्षा वितरकाची द्यावी की सल्लागाराची?

सुप्रिया_सातारा

नमस्कार. मी यंदा बी.कॉम. झाले असून बँकेत किंवा गुंतवणूक सल्ल्याच्या क्षेत्रात काम करण्याची माझी इच्छा आहे. आमच्या गावातील एका शिकवणी वर्गाने 'बँकिंग आणि गुंतवणूक' असा एकत्रित अभ्यासक्रम 38,000 रुपयांना सांगितला असून त्यात जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा, गुंतवणूक क्षेत्रातील परीक्षा घेणाऱ्या एनआयएसएम या संस्थेच्या दोन परीक्षा आणि 'नोकरीची हमी' असल्याचे ते म्हणतात. माझ्याजवळ स्वतःच्या शिकवण्यांतून साठवलेले 12,000 रुपये आहेत आणि घरी मागण्याची माझी तयारी नाही. एनआयएसएमच्या संकेतस्थळावर म्युच्युअल फंड वितरकांसाठी V-A आणि गुंतवणूक सल्लागारांसाठी X-A अशा दोन परीक्षा दिसल्या. नावावरून दुसरीच मला हवी असावी असे वाटते. पहिली कोणती द्यावी, हे कृपया सांगावे.

नफातोटा

ताई, या परीक्षांच्या मागे लागण्यापेक्षा डीमॅट खाते उघडून स्वतः व्यवहार करावेत, असे माझे मत आहे. माझ्या पुतण्याने कोणतेही प्रमाणपत्र न घेता शेअर बाजारातील ऑप्शन्सच्या व्यवहारात सुरुवातीला चांगले पैसे कमावले. पुढच्या चार महिन्यांत ते गेले, ही गोष्ट वेगळी. पण शिकला भरपूर.

जुना_कॅशियर

नफातोटा, प्रश्न नोकरीचा आहे, स्वतःच्या व्यवहारांचा नाही.

सुप्रियाताई, X-A चा विचार सध्या सोडून द्यावा. सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदणी करण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि 5 वर्षांचा अनुभव लागतो, नुसत्या बी.कॉम.वर ते शक्य नाही. जेएआयआयबी मात्र अवश्य करावी. ती केल्याने मला पगारात एक वेतनवाढ मिळाली होती.

कृष्णाकाठ

मी गेली अकरा वर्षे एका बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागात असून नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कॅशियर साहेबांनी सांगितलेली अट 2020 पासून खरोखरच होती. मात्र डिसेंबर 2024 मध्ये सेबीने नियम बदलले. त्यानुसार वाणिज्य, वित्त, अर्थशास्त्र अशा विषयांतील पदवी पुरते आणि अनुभवाची अट काढली आहे. वेतनवाढीचे म्हणणे सरकारी बँकांपुरते बरोबर आहे. परंतु जेएआयआयबीला बँकेत नोकरीला असलेल्यांनाच बसता येते. बाहेरच्या उमेदवारासाठी ही परीक्षा घेणाऱ्या आयआयबीएफ या संस्थेची बँकिंग आणि वित्त पदविका आहे, जेएआयआयबी नव्हे. जो वर्ग नोकरी नसलेल्या मुलीला जेएआयआयबी विकतो, त्याच्या 'हमी'ची किंमत आपणच ठरवावी.

आता मूळ प्रश्न. V-A आणि X-A या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीत. ती दोन वेगळी दारे आहेत. वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते, तर सल्लागाराला ग्राहकाकडून शुल्क. व्यक्तिशः नोंदणी केलेल्या सल्लागाराला वितरण करता येत नाही, आणि वितरकाला स्वतःच्या नावापुढे 'सल्लागार' लावता येत नाही. नोंदणीसाठी X-A सोबत X-B ही दुसरी परीक्षाही लागते. प्रत्येकीचे शुल्क 3,000 रुपये, गुण 150, उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के, आणि चुकीच्या उत्तराला गुणही कापतात. V-A चे शुल्क 1,500 रुपये, प्रश्न 100, वेळ दोन तास, 50 गुणांना उत्तीर्ण, आणि गुण कापले जात नाहीत.

बँकेच्या दृष्टीने फरक असा. शाखेतील रिलेशनशिप मॅनेजरने ग्राहकाचा एसआयपीचा अर्ज भरला, की त्यावर बँकेचा एआरएन म्हणजे वितरक म्हणून नोंदणीचा क्रमांक येतो आणि शेजारच्या रकान्यात त्या कर्मचाऱ्याचा ईयूआयएन म्हणजे वैयक्तिक ओळख क्रमांक लिहावा लागतो. तो क्रमांक V-A उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. माझ्याकडे रुजू झालेला एक मुलगा पहिल्याच प्रयत्नात नापास झाला आणि पुन्हा परीक्षा होईपर्यंत त्याने आणलेल्या अर्जांवर सहकाऱ्याचा क्रमांक पडत राहिला; लक्ष्य त्याचे, नोंद दुसऱ्याची. म्हणून दोन उमेदवार सारखे असतील, तर मी V-A झालेल्याला घेतो. X-A झालेला उमेदवार पाहून कौतुक वाटते, परंतु रुजू झाल्यावर त्यालाही V-A द्यावीच लागते. नोकरी बदलली तरी ईयूआयएन तोच राहतो, फक्त नव्या संस्थेशी जोडून घ्यावा लागतो.

आयबीपीएससारख्या भरतीत मात्र यापैकी कशालाच गुण नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

सुप्रिया_सातारा

मनःपूर्वक आभार. V-A झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत स्वतःचा एआरएन घेऊन काम केले, तर घरखर्चाला हातभार लागेल का? आणि वर्गाशिवाय तयारी होईल का?

कृष्णाकाठ

हिशोब करून पाहू. आपण पहिल्याच महिन्यात वीस ग्राहक जोडले आणि प्रत्येकाने दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी घेतली, असे धरा. म्हणजे महिन्याला 1 लाख. आधीच एकरकमी मिळणारे कमिशन सेबीने 2018 मध्ये बंद केले. आता जमा असलेल्या रकमेवर ते थोडे थोडे मिळत राहते. दर योजनेप्रमाणे बदलतो. सोयीसाठी वर्षाला 0.8 टक्के धरू आणि बाजार जागच्या जागी आहे असे मानू. वर्षभरातील सरासरी जमा साडेसहा लाख, त्यावर 5,200 रुपये. महिन्याचे नव्हे, संपूर्ण वर्षाचे. हा व्यवसाय दहा वर्षांनी फळ देणारा आहे. नोकरीच्या प्रतीक्षेत पोट भरणारा नव्हे.

वर्गाची गरज नाही. नोंदणी केल्यावर एनआयएसएमचे पाठ्यपुस्तक पीडीएफ स्वरूपात मिळते आणि प्रश्न त्यातलेच असतात. रोज दोन तास दिल्यास महिनाभरात होते. नोंदणीसाठी पॅन लागतो. त्यावरील नावाचे स्पेलिंग आणि परीक्षेला न्यायच्या ओळखपत्रावरील स्पेलिंग जुळते का, ते आधी पाहावे. आणखी एक सापळा म्हणजे जुने प्रश्नसंच. समभाग फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर 10 टक्के कर आणि 1 लाखाची सूट असे उत्तर ज्यात दिसेल, तो संच जुलै 2024 पूर्वीचा समजून बाजूला ठेवावा. आता दर 12.5 टक्के आणि सूट 1.25 लाख आहे.

जुना_कॅशियर

2024 च्या बदलाची मला कल्पना नव्हती, चूक मान्य. तरीही एक शंका राहतेच. आमच्या तालुक्याच्या गावात सल्ल्यासाठी वेगळे शुल्क देणारा ग्राहक मी आजवर पाहिलेला नाही. डॉक्टरची फी देतानाही लोक घासाघीस करतात. मग X-A वर 3,000 खर्च करून उपयोग काय?

कृष्णाकाठ

आपल्या गावापुरते आपण चुकीचे म्हणत नाही. पुण्या-मुंबईत अशा संस्था आहेत, आणि तेथे सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही X-A व X-B लागतात. तेथे जायचे असेल तरच तो खर्च करावा. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींचे मत वेगळे आहे. V-A चे प्रमाणपत्र तीनच वर्षे टिकते, त्यामुळे बँकेत जायचे नसेल तर ते आधी घेऊ नये, असे ते म्हणतात.

सुप्रिया_सातारा

मला आधी बँकेतच जायचे आहे, त्यामुळे V-A ची नोंदणी आज केली. पॅनवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले निघाले, माझे बरोबर आहे; तरी तेही दुरुस्तीला टाकत आहे. वर्गाला नकार कळवला. एकच प्रश्न उरला. माझ्या सख्ख्या काकांकडे एआरएन असून आमचे एकत्र कुटुंब आहे. उद्या मी सल्लागार म्हणून नोंदणी केली, तर त्यांच्या ग्राहकांना मला सल्ला देता येईल का?

कृष्णाकाठ

सल्लागाराने ज्याला सल्ला दिला, त्या ग्राहकाला त्याच्या कुटुंबीयाने वितरण करू नये असा नियम आहे. एकत्र कुटुंबातील काका त्या व्याख्येत बसतात का, हे मात्र नोंदणीच्या वेळी लेखी विचारून घ्यावे. येथे कोणी प्रत्यक्ष अशा परिस्थितीतून गेले असल्यास लिहावे.