अनुभव धागा: स्कूटरच्या चाकाचे बेअरिंग, घुमणारा आवाज आणि बदलण्याची वेळ

धागाकर्ती, विश्रामबाग, सांगली
माझ्या गिअरलेस स्कूटरचा वेग 30 च्या पुढे गेला की पुढच्या चाकातून एकसारखा घुमणारा आवाज येतो, आणि 40 ला त्याची थरथर हँडलमध्येही जाणवते. एका गॅरेजमध्ये हा टायरचा आवाज असल्याचे सांगितले, तर दुसऱ्या गॅरेजमध्ये बेअरिंग गेल्याचे. असा आवाज नेमका कशाचा आहे हे ज्यांनी तपासून ओळखले आणि ज्यांनी बेअरिंग बदलले, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

वाचक, मिरज
ताई, हे पाण्याचे काम आहे. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याने चाकाच्या मध्यभागी पाणी मारतात आणि ते सीलमधून आत शिरते. मी बेअरिंगचे रबरी सील अलगद उचलून आतले ग्रीस धुतले व नवीन भरले, आणि आवाज थांबला. बेअरिंग बदलण्याची गरजच पडत नाही.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, कुपवाड
मिरजकरांनी सांगितलेले कारण योग्य आहे, उपायाशी मात्र मी सहमत नाही. पाण्याने गंज धरून आतल्या गोळ्या आणि त्यांचा मार्ग एकदा खडबडीत झाला, की नवीन ग्रीस काही काळ आवाज दाबून ठेवते, झीज भरून काढत नाही.

ताई, आधी रस्त्यावर ऐकावे. गुळगुळीत काँक्रीटवरून खरबरीत डांबरावर गेल्यावर टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा मात्र वेगाबरोबरच चढतो-उतरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी घरंगळत असेपर्यंत टिकतो. त्यानंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन कुणाला तरी मागची बाजू दाबून धरायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. ड्रम ब्रेक असेल तर त्याचे नट थोडे सैल करावे, कारण लायनर घासल्याचा आवाज बेअरिंगसारखाच वाटतो. एक हात फोर्कच्या खालच्या टोकाला, अ‍ॅक्सलजवळ ठेवून चाक हळू फिरवले, की बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते. शेवटी चाक वर-खाली धरून आणि मग दोन्ही बाजूंना धरून आलटून पालटून ढकलावे व ओढावे. फोर्क स्थिर असताना फक्त चाक कटकट करत हलले तर दोष बेअरिंगचा, आणि चाकाबरोबर सगळा फोर्क हलला तर हँडलखालचा कोन सेट पाहावा लागेल.

हाताला कळण्याइतका प्ले असेल, तर मी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहत नाही.

वाचक, सातारा
माझ्या स्कूटरचे चाक यवतेश्वर घाटाच्या वळणांवर डगमगत होते, पण ते मागचे. चाक उतरवल्यावर त्यात बेअरिंगच नव्हते, कारण माझ्या गाडीचे मागचे चाक थेट गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टवर बसते आणि झिजलेले बेअरिंग त्या पेटीत होते. शाफ्ट हलल्याने ऑइल सील फाटले, गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर आले आणि मागचा ब्रेक लागेनासा झाला. पेटी उघडून बेअरिंग, सील, ऑइल आणि लायनर असे सगळेच बदलावे लागले. ताईंचा प्रश्न पुढच्या चाकाचा आहे, तरीही मागच्या ब्रेक ड्रमजवळ तेलाचा ओलावा दिसल्यास गाडी चालवू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

वाचक, हरिपूर
2021 च्या पुरात आमची स्कूटर अ‍ॅक्सलच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. आज चाकाला ना आवाज आहे ना प्ले. तरी मेस्त्री बेअरिंग बदला म्हणतात. ते योग्य आहे का?

निवृत्त वर्कशॉप फोरमन, कुपवाड
चाक काढल्यावर आतल्या रिंगेत बोट घालून फिरवावे. ती सलग फिरली तर मी तसेच ठेवीन, कुठेही अडखळली तर बदलीन. पुराचे पाणी लागले की न पाहता बदलणारे चांगले मेस्त्रीही मला माहीत आहेत, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही.

धागाकर्ती, विश्रामबाग, सांगली
काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासले. फोर्क हलत नव्हता, चाक मात्र वर-खाली धरल्यावर स्पष्ट कटकटत होते. चाक उघडल्यावर ड्रमच्या बाजूचे बेअरिंग तांबूस आणि कोरडे निघाले, दुसरे मात्र ठीक वाटत होते. मेस्त्री एकच बदलणार होते.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, कुपवाड
दोन्ही बदलून घ्यावीत, कारण भार दोघांनीही वाहिलेला असतो आणि मजुरी चाक उघडण्याचीच असते. जुन्यावर कोरलेला नंबर पाहून त्याच नंबरचे, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे. ते बसवताना ठोका फक्त बाहेरच्या रिंगेवर पडावा, आणि दोन बेअरिंगांमधली स्पेसर नळी परत आत गेली आहे ना, हे स्वतः पाहावे. ती राहिली तर अ‍ॅक्सलचे नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि नवीन बेअरिंग लवकरच घुमू लागते.

धागाकर्ती, विश्रामबाग, सांगली
दोन्ही बदलली, स्पेसर समोर उभे राहून बसवून घेतला. प्ले गेला आणि 40 ची थरथरही थांबली. खरबरीत डांबरावर हलका आवाज अजून येतो, काँक्रीटवर तो नाहीसा होतो, त्यामुळे आता टायर तपासायला देणार आहे.