उत्तर: धूर ठाण्यात, नुकसान मुरबाडला?

> "धूर तर ठाण्यात आहे, मग मुरबाडच्या भाताला काय होणार?"

उलट तिथेच जास्त होतं. पिकाला मारतो तो ओझोन वायू सायलेन्सरमधून निघत नाही, गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल-सॉल्व्हंटच्या वाफा उन्हात शिजून तो हवेतच बनतो. घोडबंदर रोडवर तर ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, मग दुपारी खाडीकडून वारा सुटला की हे सगळं मिश्रण आत मुरबाडकडे सरकतं आणि वाटेत ओझोन वाढत जातो.

पान श्वास घेतं त्या छिद्रांतूनच तो आत शिरतो, हरितद्रव्य लवकर जातं, पान वेळेआधी म्हातारं होतं आणि दाणा भरायला अन्नच कमी पडतं. म्हणजे पीक हिरवंगार दिसतं, पण वजन केलं की कळतं!

नुकसानीचा हिशोब असा, की दिवसाउजेडी हवेतला ओझोन ४० पीपीबीच्या, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ४० भागांच्या, वर जेवढा जाईल तेवढं तासातासाने बेरीज करायचं. दुपारचे पाच तास ६५ असेल तर रोजचे १२५, म्हणजे २४ दिवसांत ३०००. गव्हासाठी तीन महिन्यांत ३००० झाले की साधारण ५ टक्के उत्पन्न घटतं असं युरोपात धरतात, आपल्या जातींना तो आकडा तंतोतंत लागू होईलच असं नाही. भात गव्हापेक्षा जरा चिवट आहे.

आणि पावसाळी भाताला ढगांमुळे बऱ्यापैकी सूट मिळते, खरा मार उन्हाळी भाताला. माझ्या मामाच्या उन्हाळी भातावर जुन्या पानांना वरून बारीक तांबूस ठिपके आले होते, दुकानदाराने बुरशीचं औषध गळ्यात मारलं, काही फरक नाही. ओझोनचे ठिपके असतील तर फवारणीने जाणार कसे?