अनुभव धागा: दोन्ही ओव्हरीज काढल्यावर एकदम आलेला मेनोपॉज

सुरंगी, फोंडा
ज्यांच्या दोन्ही ओव्हरीज ऑपरेशनमध्ये काढल्यात त्यांनी इथे लिहा प्लीज. ज्यांची पाळी हळूहळू गेली त्यांचे सल्ले आपल्याला पुरत नाहीत.

माझं वय तेव्हा ४१, दोन्हीकडे चॉकलेट सिस्ट, आतड्याला चिकटलेला एंडोमेट्रिओसिस, म्हणून गर्भाशयही काढलं. टाके सुकायच्या आधीच गरम वाफा सुरू झाल्या. मे महिना, आई म्हणे उकाडाच गो तो. पण उकाड्याचा घाम पंख्याखाली बसलं की जातो, हे छातीतून सुरू होऊन मान, कान, चेहरा असं वर चढतं, धडधडतं, चार-पाच मिनिटांत ओसरतं आणि मग भिजलेल्या गाऊनमध्ये हुडहुडी भरते. झोप नाही, सकाळी बोटांचे सांधे आखडलेले, आणि उगाच रडू.

डिस्चार्जच्या कागदावर कॅल्शियम आणि आयर्न, बास. दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं. गर्भाशय नसेल तर एरवी प्रोजेस्टेरॉन लागत नाही, पण आतड्यावर आजार थोडा राहिलाय, नुसत्या इस्ट्रोजेनने तो परत डोकं वर काढू शकतो, म्हणून मला दोन्ही. पंपाच्या एका दाबाने वाफा निम्म्या झाल्या, सांधे आणि झोप तशीच, दीड-दोन महिन्यांनी दोन दाब केले तेव्हा कुठे रात्रभर झोपले.

अबोली, माशेल
मी हॉर्मोन घेतलेच नाहीत गो, त्याने ब्रेस्ट कॅन्सर होतो. रोज भाजलेली अळशी आणि सोयाबीन, वर्षभरात वाफा गेल्या. ऑपरेशन झालं तेव्हा मी ५१ ची, पाळी तशीही जायलाच आलेली.

निवृत्त सिस्टर, म्हापसा
अबोलीताई, ५१ आणि ४१ मध्ये फार फरक आहे. पाळी आपसूक जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षं वरखाली होत उतरतं, आणि नंतरही ओव्हरी थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहते. ऑपरेशनमध्ये दोन्ही काही दिवसांत खाली येतात, म्हणून वाफा जोरदार, आणि इच्छा मरणं, गळून जाणं हेही जास्त. स्त्रीरोगाच्या वॉर्डात वर्षं काढलीत, तरुण पेशंट घरी जाऊन आठवड्याभरात रडत फोन करायच्या.

कॅन्सरची भीती पसरली ती २००२ च्या अमेरिकन अभ्यासामुळे. त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या, आणि धोका वाढलेला दिसला तो इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र गोळ्या घेणाऱ्यांत. गर्भाशय काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढलेला दिसला नाही. ४५ च्या आत ओव्हरीज गेल्या तर शरीराला जे अजून मिळायलाच हवं होतं तेच परत देतात, साधारण ५०-५१ पर्यंत. नाही दिलं तर हाडं भराभर विरळ होतात, हृदयाचा धोकाही वाढतो. वाफा गेल्या म्हणजे हाडं ठीक असं समजू नका, ते डेक्सा स्कॅनवरच कळतं. जेल कातडीतून जातं म्हणून गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका त्यात वाढत नाही.

पेडणेकरीण
माझं पण गर्भाशय काढलं फायब्रॉइडमुळे, पाळी बंद, म्हणजे मलाही हे जेल सुरू करायला हवं का? वाफा वगैरे काही नाही.

निवृत्त सिस्टर, म्हापसा
पेडणेकरीण, ओव्हरीज आहेत की काढल्या? ऑपरेशनच्या कागदावर आणि बायोप्सी रिपोर्टवर लिहिलेलं असतं, बघा. ठेवल्या असतील तर हॉर्मोन चालू आहेत, हा धागा तुमचा नाही. फक्त पाळी नसल्यामुळे मेनोपॉज आला कधी ते कळत नाही, आणि तो थोडा लवकर येऊ शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

डिचोलीची
मला जेल चालणारच नाही. बीआरसीए २, हॉर्मोन पॉझिटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर, टॅमॉक्सिफेन चालू आणि ४३ ला दोन्ही ओव्हरीज काढल्या. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन कमी डोसमध्ये दिलं, पहिले काही दिवस मळमळलं, मग वाफा बऱ्याच कमी झाल्या, गेल्या नाहीत. आधी एका फॅमिली डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन लिहून दिलेलं, कॅन्सरच्या डॉक्टरांनी लगेच थांबवलं कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. टॅमॉक्सिफेनवाल्यांनी हे नक्की विचारा. कोरडेपणा मात्र भयंकर, संबंध म्हणजे ब्लेडने कापल्यासारखं. हॉर्मोन नसलेलं व्हजायनल मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि वेळेला लुब्रिकंट, एवढ्यावर आहे. आत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल माझे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात.

अबोली, माशेल
सुरंगी, आपल्या घामात ते जेल टिकतं कसं?

सुरंगी, फोंडा
मी रात्री आंघोळ करून, अंग कोरडं पुसून, मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावते, छातीवर कधीच नाही. चोळत बसायचं नाही, पातळ पसरून पंख्याखाली वाळू द्यायचं, मग कपडे, आणि तासभर तरी पाणी नाही. हात साबणाने धुवायचे. भाची कुशीत येते म्हणून लावलेली जागा झाकूनच झोपते, तिच्या अंगाला लागता कामा नये.

सिस्टर, एक राहिलं. वाफा गेल्या, झोप आली, पण इच्छा अजून शून्य. टेस्टोस्टेरॉन कोणी घेतलंय का, आणि बायकांच्या डोसमध्ये मिळालं कुठे?