प्रति: सर्दीची इम्युनिटी
> गोवर एकदा झाला की संपलं, मग सर्दी दरवर्षी कशी काय होते?

इम्युनिटी येते हो, पण बहुधा त्या एकाच प्रकारापुरती, आणि सर्दी करणाऱ्या नेहमीच्या विषाणूचे, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसचे, 160हून जास्त प्रकार आहेत. त्याच्या कवचावर एक खोल घळ असते. बरेच प्रकार तिथूनच आपल्या पेशीला चिकटतात. ती घळ फारशी बदलत नाही. बदलतात ते तिच्या काठावरचे उंचवटे, आणि आपल्या अँटीबॉडी पकडतात बहुतांशी तेच! म्हणून 14 क्रमांकाच्या प्रकारावर बनलेली अँटीबॉडी सहसा 16 क्रमांकाला ओळखत नाही. त्यात नाकातल्या अँटीबॉडी हळूहळू ओसरतात, ते वेगळंच. 2016 मध्ये अमेरिकेत 50 प्रकारांची एकत्र लस माकडांना टोचली, तेव्हा 49 प्रकारांविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या. तरी शंभरावर उरलेच की!