‘कॉमा स्प्लाइस’ला मराठीत काय म्हणावं?

पेठकर: मुलीच्या इंग्रजी निबंधावर पाच ठिकाणी ‘कॉमा स्प्लाइस’ असा शेरा आलाय. मराठी शब्द आहे का? आणि ‘रन-ऑन’ म्हणजे लांबलचक वाक्यच ना?

अर्धविराम: लांबीचा संबंध नाही. ‘इट रेन्ड वी लेफ्ट’ चारच शब्दांचं आहे, तरी रन-ऑन. दोन पूर्ण वाक्यं आणि मधे काहीच नाही. मधे नुसता स्वल्पविराम आला की कॉमा स्प्लाइस. मराठीत ‘पाऊस थांबला, आम्ही निघालो’ बिनतक्रार चालतं, तीच सवय इंग्रजीत उतरते. शब्द हवाच तर ‘स्वल्पविरामी सांधा’ म्हणेन.

मुठाकाठ: रन-ऑनमध्ये कॉमा टाकला की झालं मग.

अर्धविराम: नाही, त्याने रन-ऑनचा कॉमा स्प्लाइस होतो. ‘द मुठा वॉज इन स्पेट भिडे ब्रिज वॉज क्लोज्ड’ घ्या. ‘स्पेट’नंतर पूर्णविराम देऊन ‘भिडे’चा बी कॅपिटलच राहू द्या. किंवा स्वल्पविराम आणि त्यापुढे ‘सो’. किंवा ‘बिकॉज’ सुरुवातीला घेऊन ‘स्पेट’नंतर स्वल्पविराम. इथे कारण-परिणाम आहे, म्हणून निबंधात मी शेवटचा पर्याय घेईन. पूर्णविरामाने व्याकरण सुधारतं, पण पूल का बंद ते वाचकालाच जोडावं लागतं.

पेठकर: आणि स्प्लाइस? तिचं वाक्य: ‘द मेट्रो रीचेस स्वारगेट, मेनी स्टुडंट्स टेक द बस.’

मुठाकाठ: ‘हाउएव्हर’ घाला मधे.

अर्धविराम: अर्धं बरोबर. विरोध दाखवायला शब्द योग्य, पण ‘स्वारगेट, हाउएव्हर, मेनी स्टुडंट्स’ लिहिलंत तर स्प्लाइस तसाच राहतो. ‘हाउएव्हर’ वाक्यं जोडत नाही. पडताळा सोपा आहे: तो उचलून ‘मेनी स्टुडंट्स, हाउएव्हर, टेक द बस’ असा आत नेता येतो; ‘बट’ तसा हलत नाही. म्हणून ‘हाउएव्हर’च्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. दुसरी दुरुस्ती, आहे त्या स्वल्पविरामापुढे ‘बट’. तिसरी, वाक्याच्या सुरुवातीला ‘ऑल्दो’. मग मधला स्वल्पविराम जागेवर राहतो, पण ‘बट’ नको. ‘ऑल्दो… बट’ ही आपल्या ‘जरी… तरी’ची नक्कल.

नवशिकी: अर्धविराम कॉम्प्युटरवर कुठून काढायचा? मराठी कीबोर्डवर सापडत नाही.

अर्धविराम: इंग्रजी निबंधासाठी कीबोर्ड इंग्रजी करा, एल अक्षराच्या उजवीकडे आहे. पण आधी दोन्ही बाजू स्वतंत्र वाक्यं आहेत ना ते बघा. ‘बिकॉज इट रेन्ड; वी लेफ्ट’ चुकतं, कारण पहिला तुकडा एकटा उभा राहत नाही.

मुठाकाठ: आणि ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’? तिथे तर दोन्ही ठिकाणी नुसते कॉमाच.

अर्धविराम: तीन तुकडे आखूड, एकाच साच्याचे, म्हणून ते खपतं. निबंधात मात्र सोसतील असे तपासणारेही आहेत आणि खोडणारेही. मी मुलांना टाळायलाच सांगते.

पेठकर: ‘स्वल्पविरामी सांधा’ घेतो. रन-ऑनला ‘बिनसांध्याचं’ चालेल?

मुठाकाठ: ‘बिनसांध्याचं’ म्हणजे अखंड, म्हणजे चांगलं वाटतं की हो!