अनुभव धागा: ऑफिसच्या इंटरनेट फोनवर आवाज तुटायचा, तुमच्याकडे काय निघालं?

उद्यमबागवाली
आज दुपारी दवाखान्यात नंबर लावायला फोन केला. पलीकडची मुलगी नीट बोलत होती, पण मला ऐकू येत होतं ते एवढंच: "उद्... साडे... या". तीनदा विचारलं. फोन ठेवला आणि आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसातले ते चार महिने डोळ्यांपुढं उभे राहिले.

मी तिथं अकाउंट्स आणि खरेदी बघते. जुने लँडलाइन काढून इंटरनेटवरचे पाच फोन बसवले होते. एके दिवशी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला बेंटोनाइटची सतरा पोती सांगितली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो सत्तर घेऊन. ५० किलोचं एक पोतं, बाहेर धो धो पाऊस, आणि गोदामात कोरडी जागा वीस पोत्यांची. व्यापारी म्हणाला, "मॅडम, तुम्ही सत्तरच म्हणालात." तो खोटं बोलत नव्हता. त्याला 'सत' आणि 'र' पोचलं असणार, मधलं त्यानं लावून घेतलं.

मला त्याचा आवाज खणखणीत यायचा. त्यालाच माझा तुटका. आणि मालक ऑफिसात असले की फोन एकदम स्वच्छ, ते हुबळीला गेले की तुटायला सुरुवात. शिपाईमामा तर मालकांचा पायगुण म्हणायला लागले होते.

तुमच्याकडं असं झालंय का? लिहा. चहा ठेवलाय, येते परत.

संकेश्वरी मिरची
अगं सत्तर पोती!! मग केलंस काय त्यांचं? परत घेतली का त्यांनी?

निपाणीकर
दोनच गोष्टी करायच्या. राउटरमध्ये SIP ALG बंद आणि फोनमध्ये आवाज दाबून पाठवायचा कोडेक G.729. आमच्या वखारीच्या ऑफिसात मी स्वतः केलंय, त्याच दिवशी आवाज सरळ झाला. लोक उगाच नवीन राउटर घेत बसतात.

मीरा टिळकवाडी
आमच्याकडं पण हल्ली फार तुटतं हो. विशेषतः मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना. जिन्यात गेलं की बरं येतं. कुठला राउटर घेऊ? तीन खोल्या आहेत.

तारवाला
उद्यमबागवाली अक्का, मालकांच्या मोबाइलवर ऑफिसचे कॅमेरे असणार. बरोबर की नाही?

उद्यमबागवाली
तारवाला, हे आम्हाला कळायला चार महिने लागले आणि तुम्ही दोन ओळींत ओळखलंत. होय, आठ कॅमेरे. मालक बाहेरगावी असले की गाडीत मोबाइलवर आठही उघडून ठेवायचे, तेही एचडी करून. आमची लाइन डाउनलोडला ४० एमबीपीएस आणि अपलोडला फक्त ४. कॅमेऱ्यांचं चित्र ऑफिसातून बाहेर जातं आणि माझा आवाजही बाहेर जातो, दोघांची वाट एकच. व्यापाऱ्याचा आवाज आत येतो, ती वाट मोकळी होती.

मिरची, पोती त्यानं परत नाही घेतली. पण पैसे दोन हप्त्यांत घेतले, माणूस भला. ताडपत्री टाकून झाकली, तरी खालची सहा दगड झाली.

निपाणीकर, तुम्ही सांगताय ते दोन्ही आम्ही आधी केलं होतं. SIP ALG बंद केल्यावर एक दुखणं खरंच गेलं. आमचे काही कॉल अर्ध्या मिनिटानं आपोआप कट व्हायचे, ते थांबलं. पण तुटणं तसंच. G.729 करूनही तसंच.

संकेश्वरी मिरची
खालची पोती नेहमी फळीवर ठेवायची गं. माझ्या सासऱ्यांचं सिमेंटचं दुकान होतं, पहिला धडा तोच.

तारवाला
सविस्तर लिहितो. दुकान बंद केलंय, आता वेळ आहे.

SIP ALG आवाजाला हात लावत नाही. कॉल जोडताना दोन्हीकडून जे निरोप जातात त्यातले पत्ते राउटर स्वतःच्या बुद्धीनं बदलतो, आणि बऱ्याच राउटरांत चुकीचे बदलतो. मग 'फोन उचलला' याची पोच पलीकडं जात नाही आणि साधारण ३२ सेकंदांनी कॉल पडतो. किंवा एकाच बाजूला आवाज येतो, दुसरीकडं पूर्ण शांतता. अक्कांचे अर्ध्या मिनिटाचे कॉल ते हेच. तुकडे तुकडे येणं हा वेगळा आजार.

आता कोडेक. G.711 वर एक कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो, G.729 वर ३१ च्या आसपास. अक्कांचे पाचही फोन एकदम चालू असले तरी G.711 वर साडेचारशेच्या आत. ४ एमबीपीएसच्या लाइनीला हे काहीच नाही. म्हणजे जागा आवाजाला कमी पडत नव्हती, कॅमेरे ती भरून टाकत होते. आणि कोडेक कुठलाही घ्या, फोन सहसा दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात बांधतो, सेकंदाला ५० पॅकेटं. G.729 नं पॅकेट लहान होतं, रांग तीच राहते. गळिताच्या हंगामात कारखान्यासमोर ऊसाच्या ट्रॉल्यांमागं मारुती अडकली काय नि लुना अडकली काय!

कॅमेऱ्याचं भरलेलं पॅकेट १५०० बाइटचं. ४ एमबीपीएसवर ते बाहेर पडायला ३ मिलिसेकंद लागतात. रांगेत अशी शंभर उभी असली तर मागच्या आवाजाला ३०० मिलिसेकंद थांबावं लागतं. सगळीच पॅकेटं सारखी ३०० नं उशिरा गेली असती तर आवाज तुटला नसता, फक्त बोलणं मागं पडलं असतं. पण रांग क्षणात भरते, क्षणात ओसरते. एक पॅकेट २० नं उशिरा, पुढचं २५० नं. हा जिटर. पलीकडचा फोन थोडा वेळ वाट बघतो, समजा ६० मिलिसेकंद. त्यानंतर आलेलं पॅकेट तो टाकून देतो, कारण त्या अक्षराची वेळ निघून गेलेली असते. 'सतरा'मधलं अक्षर बहुतेक कोल्हापूरला पोचलं होतं. उशिरा पोचलं म्हणून गेलं.

ओळखायचं कसं? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

आणि मग कुणाला तरी बाहेरून कॅमेरे उघडायला सांगा. time पुढचे मिलिसेकंद उड्या मारायला लागले की समजायचं, रांग तिथंच लागतेय.

उद्यमबागवाली
अगदी हेच त्या पोरानं केलं होतं! शहापूरचा मुलगा, कॅमेऱ्याची वायर बदलायला आला होता. माझं बोलणं ऐकून स्वतःच म्हणाला, "अक्का, बघूया की." मालकांना फोन करून कॅमेरे बंद करायला लावले: १४, १५, १४, १६. उघडायला लावले: ४०, ३१०, ९५, ४२०. ते आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. एवढे दिवस कंपनीवाल्यांना सांगत होते की आवाज तुटतो, आणि ते म्हणत होते तुमची लाइन चांगली आहे. लाइन चांगलीच होती हो.

निपाणीकर
तारवाला, मग माझ्याकडं G.729 नं कसं सुधारलं? मी काही मनचं सांगत नाही.

तारवाला
तुमची अपलोड किती होती?

निपाणीकर
तेव्हा अर्धा एमबी. फोन सहा.

तारवाला
मग तुमचं बरोबरच आहे. सहा कॉल गुणिले ८७ म्हणजे ५२२. अर्ध्या एमबीत ते बसतच नाहीत, दुसरं काही चालू नसलं तरी. G.729 वर १८६ झाले, बसले. तुमच्याकडं जागाच कमी होती, तिथं कोडेकचं औषध लागू पडलं.

चिकोडीची लेक
मी मधेच विचारते, माफ करा. आमच्या पतसंस्थेत कुणीतरी G.729 करून गेलंय. तेव्हापासून बँकेला फोन लावला की '१ दाबा, २ दाबा' म्हणतात ते दाबलेलं त्यांना कळतच नाही. बोलणं नीट होतं. याचा संबंध आहे का?

तारवाला
आहे ताई. बटणाचा सूर आवाजातूनच जात असणार, आणि G.729 माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, तो सूर मोडतो. फोनच्या सेटिंगमध्ये DTMF शोधा, Inband असेल तर RFC2833 करा. फॅक्स असेल तर तो मात्र G.729 वर ठेवू नका.

चिकोडीची लेक
Inband च आहे! उद्या बदलून सांगते.

खानापूरचा पाऊस
आमचं रिसॉर्ट जंगलाच्या कडेला. तार येत नाही, टॉवरवरून वायरलेस इंटरनेट. कॅमेरे नाहीत, तरी संध्याकाळी सात ते दहा आवाज तुटतो, पावसात जास्त. फोनमधला जिटर बफर ६० चा २०० केला. तुटणं कमी झालं, पण आता आम्ही आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतो. बुकिंगवाले वैतागतात.

मीरा टिळकवाडी
खानापूरला कुठं आहे रिसॉर्ट? आम्ही दिवाळीत येणार आहोत माहेरी.

उद्यमबागवाली
आमच्याकडं शेवटी काय केलं ते राहिलंच. राउटरमध्ये QoS आधीपासून चालू होतं, फोनला पहिला नंबरही दिलेला होता, तरी उपयोग शून्य. त्या मुलानं पान उघडलं, तर अपलोडच्या रकान्यात १०० एमबीपीएस! कुणी भरलंच नव्हतं. राउटरला वाटत होतं रस्ता शंभरचा आहे, मग तो कशाला कुणाला थांबवेल? सगळं पुढं ढकलायचा आणि गर्दी मोडेममध्ये व्हायची, तिथं फोनला कोण विचारतो. त्यानं रकान्यात ३.४ टाकले. खऱ्या चारापेक्षा मुद्दाम कमी, म्हणजे रांग राउटरमध्येच लागते आणि फोनला पुढं काढता येतं. मग G.711 परत लावला, आवाज भरीव झाला. मालकांना कॅमेरे थोडे अडखळत दिसतात, त्यांनी चालवून घेतलं.

तारवाला
पोरगं हुशार. रकाना भरण्याआधी लाइन रिकामी असताना दोन-तीनदा अपलोड मोजायची, प्लॅनमधला आकडा धरायचा नाही.

खानापूरकर, तुमचं अवघड आहे. सातच्या पुढं टॉवरवर सगळ्या गावाची गर्दी होते, रांग तुमच्या राउटरच्या बाहेर लागते. तिथं तुमचं QoS चालत नाही. एक करून बघा: दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला पिंग, दुसरीत 8.8.8.8 ला. राउटरचा आकडा १-२ वर स्थिर आणि दुसरा उड्या मारत असेल तर दोष घरात नाही. बफर २०० वरून १०० वर आणा, थोडं तुटेल पण बोलणं जमेल. पूर्ण बरं होईल असं मी नाही म्हणत.

खानापूरचा पाऊस
बघतो. आत्ता लाइटच नाहीत, मोबाइलवरून लिहितोय. मीराताई, पत्ता निरोपात पाठवतो.

संकेश्वरी मिरची
ती दगड झालेली सहा पोती फोडून चाळून वापरली का गं नंतर?

उद्यमबागवाली
चार वापरली. दोन अजून गेटमागं आहेत, वॉचमन त्यांवर बसतो.