पोस्टरचे गुण भित्तिपत्रकाला की बोलणाऱ्याला?

रानवारा :
परवा एका संशोधन परिषदेतल्या पोस्टर-स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याबरोबर होतो. मुले आपले संशोधन पोस्टरवर मांडतात आणि त्यासमोर उभे राहून परीक्षकांना समजावतात. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत तीनच रकाने होते : संदेशाची स्पष्टता, दृश्य मांडणी आणि स्पष्टीकरण. प्रत्येकी दहा गुण, संशोधनाला शून्य. तीन वर्षे प्रयोगशाळेत राबलेल्याला मागे टाकून रंगीत पोस्टर आणि गोड बोलणे जिंकले. या सौंदर्यस्पर्धा बंद करा.

सूक्ष्मदर्शी :
मी बारा वर्षे पोस्टरांचे परीक्षण करत आले आहे, त्यामुळे हे वाचून गप्प राहवले नाही. माझ्या मते हे तीन रकाने योग्य आहेत, पण आम्ही परीक्षक ते ज्या क्रमाने भरतो तिथे घोटाळा होतो. एका प्रसंगावरून सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे परीक्षक एका पोस्टरसमोर उभे होतो. विषय होता एका तालुक्यातील भूजलातले नायट्रेट. मथळ्याच्या शेवटी ‘एक अभ्यास’ एवढेच होते, निष्कर्ष नव्हता. मध्यभागी चाळीस स्तंभांचा आलेख होता, प्रत्येक स्तंभाचा रंग वेगळा, आणि खाली गावांची नावे वर्णानुक्रमाने. पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेली ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा दाखवणारी साधी रेघही नव्हती. मी पोस्टर मांडणाऱ्या मुलीला थांबायला सांगून दोन मिनिटे नुसते पाहिले, तरी अभ्यासातून काय निघाले हे मला कळेना. स्पष्टतेला चार आणि मांडणीला चार असे गुण मी तिथल्या तिथे लिहून टाकले.

मग ती बोलू लागली आणि सगळे उलगडले. पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत नायट्रेट वाढते, खोल कूपनलिकांत फारसा फरक पडत नाही, कारण शेतातले खत झिरपून आधी वरच्या थरातल्या पाण्यात उतरते. कोणत्या विहिरीच्या शेजारी गोठा आहे, हेही तिला तोंडपाठ होते. स्पष्टीकरणाला मी आनंदाने नऊ दिले. माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी मात्र तिचे ऐकून झाल्यावर तिन्ही रकाने एका दमात भरले, आणि मांडणीला एकाने आठ, दुसऱ्याने नऊ दिले. समोर तेच चाळीस रंगांचे स्तंभ होते. हेच स्तंभ विहिरींच्या खोलीनुसार लावून, उथळ विहिरींना एक रंग आणि कूपनलिकांना दुसरा रंग देऊन, ४५ वर एक आडवी रेघ ओढली असती, तर तिला तोंड उघडण्याचीही गरज पडली नसती.

ही चूक नवी नाही. सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देताना एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडू देतात, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते. म्हणून माझा आग्रह असा आहे की पहिली दोन मिनिटे सादरकर्त्याने बाजूला उभे राहावे, परीक्षकाने पहिले दोन रकाने शाईने भरावेत आणि त्यानंतरच संभाषण सुरू करावे. तसे केले तर गोड बोलण्याचे वजन दहाच गुणांपुरते उरेल.

पदव्युत्तर :
मॅडम, दोन मिनिटे पाहणारा परीक्षक मला कधी भेटलाच नाही. गेल्या वर्षी मी साडेतीन तास उभा होतो. परीक्षक आले, कानाला फोन लावलेला, पोस्टरचा फोटो काढला आणि निघून गेले. त्या फोटोवरून त्यांनी स्पष्टीकरणाला सहा गुण दिले! मी एक शब्दही बोललो नव्हतो.

यावरचा उपाय २०१९ मध्ये माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधकाने दिलेला आहे. मध्यभागी मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष, बाजूला तपशिलाची अरुंद पट्टी, खाली क्यूआर कोड. ही मांडणी सक्तीची केली की परीक्षक कसाही असला तरी प्रश्न मिटतो.

सूक्ष्मदर्शी :
तुमच्या बाबतीत घडले ते अक्षम्य आहे. न ऐकलेल्याला गुण देता येत नाहीत. तो रकाना कोरा ठेवून दुसरा परीक्षक पाठवायला हवा होता. मात्र सक्तीला माझा विरोध आहे. ज्याच्याकडे एकच ठाम निष्कर्ष आहे त्याला ती मांडणी शोभते. ज्याने मोजमापाची नवी पद्धत बसवली आहे किंवा ज्याचे निकाल परस्परविरोधी आले आहेत, त्याला मोठ्या अक्षरांतले एक वाक्य लिहायला लावणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे आहे.

रानवारा :
हेच तर मी म्हणतो आहे! ज्या पोस्टरला पहिले बक्षीस मिळाले त्यावर ठळक, मोठे, सुंदर वाक्य होते आणि त्याखाली तीन कुंड्यांतल्या रोपांवरचा प्रयोग होता. स्तंभांवरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या, हे कुठेही लिहिलेले नव्हते. मी विचारले तर सादरकर्त्याला ते ठाऊक नव्हते. तुमच्या क्रमाने गुण दिले असते तरी तेच पोस्टर जिंकले असते. याचे उत्तर द्या.

सूक्ष्मदर्शी :
याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही, हे मान्य करावे लागेल. रेघ कशाची आहे हे लिहिलेले नसेल तर मी स्पष्टतेचे गुण कापते. पण ठळक वाक्य आलेखाने पेललेले नसेल तर काय करायचे, हे गुणपत्रिकेवर कुठेच नसते. निष्कर्षाचा पुरावा पोस्टरवर दिसत नसेल तर स्पष्टतेला पाचाच्या वर जाता येणार नाही, अशी अट छापावी, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येते. संशोधनासाठी वेगळा चौथा रकाना मात्र मला नको. दहा मिनिटांत परक्या विषयातल्या तीन वर्षांच्या कामाला गुण देणारा परीक्षक बहुधा मार्गदर्शकाचे नाव आणि संस्थेची पाटी वाचून ते देतो.

फ्लेक्सवाला :
पोस्टरांच्या छपाईचा विषय निघाला आहे, म्हणून माझीही बाजू मांडतो. माझे छपाईचे दुकान एका महाविद्यालयासमोर आहे. परिषदेच्या आदल्या रात्री नऊ वाजता मुले पेन ड्राइव्ह घेऊन येतात. आत नेहमीच्या स्लाइडच्या मापाचे पान असते आणि ते ए-झीरो या मोठ्या मापाचे करून द्या म्हणतात. त्यात संकेतस्थळावरून उचललेले हजार पिक्सेल रुंदीचे चित्र असते. अर्ध्या पोस्टरभर, म्हणजे सुमारे साडेसोळा इंच पसरले की इंचाला साठच ठिपके उरतात आणि कडा फाटतात. पडद्यावर चमकणारी पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी परीक्षक मांडणीचे गुण कापतात आणि मुले माझ्याशी भांडायला येतात. पोस्टर सुरुवातीपासून छपाईच्या खऱ्या मापाच्या पानावरच बनवले पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवत नाही.

निवृत्त मास्तर :
मूळ चर्चा गुणांची आहे, छपाईची नव्हे. परंतु पिवळ्या रेघेचा मुद्दा खरा आहे.

आपण सर्वजण एका परीक्षकाच्या मनात डोकावत आहात, आणि मला बेरजेची चिंता वाटते. तीस पोस्टरे तीन परीक्षकांत दहा-दहा वाटली जातात. एक परीक्षक कडक, त्याची सरासरी तीसपैकी अठरा. दुसरा सढळ हाताचा, त्याची सरासरी पंचवीस. कडक परीक्षकाकडून बावीस मिळवणारे पोस्टर त्याच्या सरासरीच्या चार गुण वर आहे, आणि सढळ परीक्षकाचे सव्वीस गुणांचे पोस्टर केवळ एका गुणाने वर. बक्षीस मात्र सव्विसाला जाते. रानवारा यांच्या विद्यार्थ्याचे असेच झाले नसेल कशावरून?

नुसती सरासरी वजा करणेही धोक्याचे आहे, कारण कडक परीक्षकाच्या वाट्याला खरोखरच दुबळी दहा पोस्टरे आलेली असू शकतात. म्हणून मी आयोजक असताना प्रत्येक पोस्टर दोन परीक्षकांना देत असे, जोड्या बदलत ठेवत असे, आणि प्रत्येकाच्या यादीतली पहिली तीन दुसऱ्या फेरीत सर्वांनी मिळून पाहावीत असा नियम केला होता. सुरुवातीला एक नमुना पोस्टर सर्व परीक्षक एकत्र पाहून गुण जुळवून घेत. त्यात अर्धा तास जाई आणि चहाला उशीर झाल्याची तक्रार दरवर्षी येई.

रानवारा :
बेरीज असू द्या, माझ्या विद्यार्थ्याचे गुण कुठे गेले ते मला माहीत आहे. तो मराठीत बोलला. विदर्भातल्या लहान गावातून आलेला मुलगा, आपल्या कामाचा कण न् कण जाणणारा. परीक्षक स्वतः मराठी भाषक होते, तरी त्यांनी ‘इंग्रजीत सांगा’ म्हणून त्याला अडवले आणि तो कोलमडला. स्पष्टीकरणाला चार. ही परीक्षा स्पष्टीकरणाची की इंग्रजीची?

पदव्युत्तर :
परिषद राष्ट्रीय असेल तर इंग्रजी यायलाच हवे. मीही मराठी माध्यमातून आलो आणि रात्र रात्र पाठ करून आलो. मला कोणी सवलत दिली नाही.

रानवारा :
तुम्ही सोसले म्हणून इतरांनी सोसावे, हा कुठला न्याय? पाठ करून म्हटलेले स्पष्टीकरण असते का? तुम्हीच सांगा.

पदव्युत्तर :
माझ्या कष्टांवर बोलायचे कारण नाही. तुमच्या विद्यार्थ्याची तयारी कमी पडली आणि तुम्ही भाषेच्या आड लपत आहात.

निवृत्त मास्तर :
दोघांनीही शब्द जपून वापरावेत. पाठांतर ओळखण्याची एक रीत सांगतो. सादरकर्त्याला मध्येच थांबवून एका आलेखावर बोट ठेवावे आणि विचारावे, ‘हा बिंदू इतरांपासून दूर का पडला?’ ज्याला काम समजले आहे तो त्या बिंदूवर येतो, मग भाषा तोडकीमोडकी असो. ज्याने पाठ केले आहे तो पुन्हा ‘माझ्या पोस्टरचा विषय’ या वाक्यापासून सुरू करतो. हे मी इंग्रजीतही पाहिले आहे आणि मराठीतही.

सूक्ष्मदर्शी :
समोरच्या परीक्षकाला मराठी कळत असताना त्या मुलाला अडवले, हे मला मुळीच पटत नाही. समजेल त्या भाषेत सांगता येणे हाच त्या रकान्याचा अर्थ आहे. अडचण वेगळी आहे : त्याच पोस्टरचा दुसरा परीक्षक चेन्नईहून आलेला असतो. विद्यार्थी एकाला मराठीत आणि दुसऱ्याला अडखळत इंग्रजीत सांगतो, आणि एकाच माणसाला नऊ आणि चार मिळतात. मास्तरांच्या सरासरीने हे सुटणार नाही, कारण इथे दोघांपुढे दोन वेगवेगळी सादरीकरणे झाली आहेत.

निवृत्त मास्तर :
सुटणार नाही, मान्य. आम्ही अशा वेळी मराठी जाणणारे दोन परीक्षक देत असू, पण तो विषय जाणणारे दोघेही मराठी असतीलच असे नसे. मग एकदा विषय सोडावा लागे, एकदा भाषा.

पदव्युत्तर :
बोटाचा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मीही पहिल्या वाक्यावर गेलो असतो, एवढे कबूल करतो. इंग्रजीबाबत माझे मत बदललेले नाही.

रानवारा :
दोन मिनिटे मौन आणि पुराव्याची अट, या दोन गोष्टी मी आमच्या विद्यापीठाच्या आयोजकांना लिहून पाठवतो. चौथ्या रकान्याची मागणीही त्याच पत्रात असेल. सूक्ष्मदर्शी यांना ती मान्य नसेल, तरी तीन कुंड्यांचे ते पोस्टर मी विसरू शकत नाही.